चायना ग्रास, कॉर्नफ्लोअर की जिलेटिन?

"अर्धा लिटर दुधात चायना ग्रासचं १० ग्रॅमचं पूर्ण पाकीट घातलं, तर पुडिंग रबरासारखं झालं. कॉर्नफ्लोअर घालून केलं तेव्हा गुठळ्या झाल्या. आता जिलेटिन आणू का? साच्यातून अख्खं निघेल पण तोंडात मऊ लागेल असं पुडिंग कसं करायचं?"

जिलेटिन आणायची गरज नाही. तुमचं चायना ग्रास प्रमाणाच्या दुप्पट-तिप्पट पडलं. अर्ध्या लिटरला पट्ट्यांचं ३ ते ४ ग्रॅम, किंवा पावडर असेल तर सपाट एक चहाचा चमचा पुरतो. आणि ते रबरी पुडिंग टाकून दिलं नसेल, तर अजूनही वाचेल. तुकडे करून आणखी पाऊण ते एक लिटर दुधात घाला, हलवत उकळी आणा, पूर्ण विरघळलं की गाळून पुन्हा साच्यात ओता. चायना ग्रास कितीदाही वितळवता येतं. कॉर्नफ्लोअरचं तसं नाही, एकदा बसलेलं पुन्हा गरम केलं की ते पहिल्यासारखं बसत नाही.

चायना ग्रास म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेलं आगर. ते उकळल्याशिवाय नीट विरघळत नाही आणि साधारण ३५ ते ४० अंशांवर आल्यावर घट्ट होतं, म्हणून आपल्याकडे फ्रिजबाहेरही बसतं. मात्र तोंडाच्या उबेने ते वितळत नाही, दातांनीच तुटतं. म्हणून थोडं जरी जास्त झालं तरी लगेच चिवट लागतं. जिलेटिन नेमकं उलट: फ्रिजशिवाय बसत नाही, पण जिभेवर विरघळतं. तो मुलायमपणा दुसऱ्या कशाने येत नाही, हे मान्य करायला हवं. पण ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, त्यामुळे शाकाहारी पाहुणे असतील तर प्रश्नच मिटला. वापरलंत तर आधी थंड पाण्यात दहा मिनिटं फुगवा, मग गरम दुधात विरघळवा, पण उकळू नका. रात्रभरात ते आणखी घट्ट होतं, म्हणून संध्याकाळी जेमतेम बसलेलं वाटलं तरी पुढच्या वेळी हात सैल सोडू नका.

गुठळ्यांचं कारण एकच. कॉर्नफ्लोअर गरम दुधात पडलं की गोळीचं बाहेरचं पीठ तत्क्षणी शिजून चिकट होतं आणि आतलं कोरडंच अडकून राहतं. मग कितीही घोटा, ते सुटत नाही. म्हणून अर्धी वाटी थंड दूध बाजूला काढून त्यात कालवायचं, आणि ओतण्याआधी पुन्हा तळापासून ढवळायचं, कारण ते दोन मिनिटांत खाली बसतं. (दुकानातून आणताना पांढरं कॉर्नफ्लोअरच आणा. पिवळं मक्याचं पीठ वेगळं, त्याने रवाळ होतं.) नुसत्या कॉर्नफ्लोअरवर साच्यातून निघेल असं करायचं तर अर्ध्या लिटरला चार सपाट मोठे चमचे लागतात, आणि तेवढ्याने दुधाची चव पिठूळ होते.

म्हणून मी दोन्ही थोडं-थोडं घालते. अर्धा लिटर सायीचं दूध, पाच मोठे चमचे साखर, दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि आगर पावडर अर्धा चहाचा चमचा. कॉर्नफ्लोअर दाटपणा देतं, आगर आकार धरून ठेवतं, आणि दोघांपैकी कुणाचीच अति होत नाही.

आगर अर्धी वाटी पाण्यात घालून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं उकळा. चमच्याच्या पाठीवर एकही कण दिसता कामा नये. दुसऱ्या पातेल्यात साखर घातलेलं दूध गरम करून कालवलेलं कॉर्नफ्लोअर धार धरून ओता, हलवत राहा, आणि बुडबुडे यायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं शिजू द्या. लवकर उतरवलं तर कच्च्या पिठाचा वास राहतो. मग आच बंद करून उकळतं आगर या गरम दुधात मिसळा. इथे दूध गरमच हवं. मी एकदा फ्रिजमधल्या दुधात आगर ओतलं होतं, तर ते तिथल्या तिथे गोठून शेवयांसारखे धागे झाले आणि खाली पुडिंग बसलंच नाही. मिश्रण गाळणीतून ओल्या साच्यात ओता आणि मग साचा हलवू नका, कारण बसत असताना मोडलेलं आगर पुन्हा जुळत नाही.

ओतण्याआधी अंदाज हवा असेल तर फ्रिजमधल्या थंड ताटलीवर एक चमचा टाकून दोन-तीन मिनिटं थांबा. बोटाने दाबल्यावर थरथरून फुटलं तर बरोबर. दाबून पुन्हा वर उसळलं तर अर्धी वाटी गरम दूध घाला, आणि पसरलं तर आगराचं आणखी पाव चमचा पाण्यात उकळून मिसळा.