एकच मागणी ठेवा

दादा, गल्लीच्या स्वच्छतेवरच्या तुमच्या व्हिडिओची स्क्रिप्ट वाचली. मेहनत दिसते, पण तीस सेकंदांत पाच मागण्या आहेत. एकच ठेवा: 'ओला कचरा वेगळ्या डब्यात, थेट घंटागाडीत.' थुंकणं, गटार, प्लास्टिक पुढच्या व्हिडिओत घ्या.

भाषणाने सुरुवात नको. घंटागाडीचा आवाज येतो, काकू हिरवा डबा घेऊन दारात येतात. मग कोपऱ्यावर फाटलेली पिशवी, भाकरीचे तुकडे आणि प्लास्टिक एकत्र. शेवटी पुन्हा काकू, तेच वाक्य. कुणा शेजाऱ्याचं दार मात्र दाखवू नका, माणसं दुखावतात.

बोलणं साठ शब्दांच्या आत बसवा, मोठ्याने वाचून घड्याळ लावा. आपल्या शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्यांसाठी तेलुगूतही रेकॉर्ड करा.

शूटिंगआधी शेजाऱ्याला वाचून दाखवा, 'काय करायचं?' विचारा. उत्तरात दोन गोष्टी आल्या, तर अजून कापा.