व्हॉलीबॉलमधला मागच्या रांगेतला डिग: आधी थांब, मग लोळ

भावा, डिग म्हणजे समोरून आलेला फटका खालून हातावर उचलणं. तू पाच नंबरला, म्हणजे मागच्या रांगेत डावीकडं, उभा राहतोस म्हणजे समोरच्या चार नंबरच्या हिटरचा तिरका फटका तुझ्याच अंगावर येणार. पाय खांद्यापेक्षा रुंद ठेव, वजन चवड्यावर, गुडघे बोटांच्या पुढं आणि हात सुटे. हात आधीच जोडून बसलास तर बाजूचा बॉल गेला म्हणून समज.

बॉल हवेत असताना बॉलकडंच बघत बसू नकोस. सेट, म्हणजे हिटरसाठी वर उचलून दिलेला बॉल, नेटपासून लांब पडला की फटका बहुधा खोल येतो, तेव्हा पाऊलभर मागं सरक. सेट ठीक असून हिटरचा हात ऐनवेळी मंदावला, कोपर खाली आलं, की टिप, म्हणजे बोटांनी हलकेच टाकलेला बॉल, येणार. एक मात्र पाळ: त्याचा हात बॉलला लागताना तुझे पाय थांबलेले पाहिजेत. चालत्या पायानं जोराचा बॉल उचलत नाही.

आता टिप तुझ्या उजवीकडं पुढं पडतेय असं धर. उजवा पाय लांब टाक, बूड खाली ने, हात बॉलखाली घालून वर काढ. बॉल सुटल्यावरच उजव्या कुल्ल्यावर बस, हनुवटी छातीला लाव आणि डाव्या खांद्यावरून लोळ. गुडघा किंवा कोपर आधी टेकलं तर आपल्या कोल्हापूरच्या मातीच्या मैदानावर सालटं निघालंच! डिगआधीच लोळलास तर बॉल बाजूला उडतो, त्यावरून चूक कळते. उठताना पाय खाली घे आणि लगेच नेटकडं तोंड कर, ब्लॉकवरून बॉल परत येऊ शकतो.