कस्टम इनसोल की दुकानातला तयार? आणि बुटात मावणार का ते कसं बघायचं

प्रश्न: उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, आठ तास सेफ्टी शूज घालून उभं राहावं लागतं. टाच दुखते, डॉक्टर म्हणाले इनसोल वापरा. माप देऊन कस्टम करून घेऊ की दुकानातला तयार घेऊ? बुटातला आतला सुखतळा निघतो, मग मावेल ना?

उत्तर:

मी बेळगावातच ऑर्थोटिकचं काम करतो, पायाचे साचे घेणं आणि इनसोल बनवणं हेच रोजचं काम आहे. तरीही सांगतो, साध्या टाचदुखीला आधी तयार घ्या. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना कळ येते, थोडं चाललं की कमी होते आणि संध्याकाळी परत ठणकतं, असं असेल तर बहुतेक तळव्याचा पट्टा दुखावलाय, त्याला प्लांटर फॅशायटिस म्हणतात. ऑस्ट्रेलियात १३५ पेशंटवर एक ट्रायल झाली होती, २००६ ला छापून आली. काहींना नावापुरता मऊ इनसोल, काहींना तयार, काहींना कस्टम दिला. तीन महिन्यांनी तयार आणि कस्टमवाल्यांचं चालणं-फिरणं नावापुरत्यावाल्यांपेक्षा थोडं बरं होतं, पण त्या दोघांत फरक असा नव्हता आणि वर्षाने तर तिन्ही गट सारखेच. म्हणजे सुरुवातीलाच हजारो रुपये घालायची गरज नाही बघा.

पण तयार म्हणजे तो लुसलुशीत जेलवाला नव्हे. दुकानात अंगठ्याने कमानीवर जोरात दाबून बघा, लगेच सपाट झाला तर उभं राहिल्यावर तुमच्या वजनाखाली काहीच उरणार नाही. टाचेला खोलगट वाटी हवी आणि कमानीखाली जरा कडक आधार. तो जमिनीवर ठेवून त्यावर अनवाणी उभे राहा. कडक भाग अंगठ्याच्या मागच्या उंचवट्याच्या अलीकडे संपला पाहिजे, उंचवट्याखाली गेला तर अंगठा वाकताना टोचणार. बुटाचा नंबर एकच असला तरी टाचेपासून त्या उंचवट्यापर्यंतचं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून नुसता नंबर बघून ऑनलाइन मागवू नका.

कस्टम कधी, तर पायाचा आकारच वेगळा असेल तेव्हा. खूप उंच कमान, पूर्ण सपाट आणि आत कलंडणारा पाय, जुन्या फ्रॅक्चरने वाकडा झालेला पाय, किंवा तयार इनसोल दीड-दोन महिने नीट वापरून आणि पोटरीचे व्यायाम करूनही फरक नसेल तर. आणि कस्टम म्हणून काय देतायत तेही बघा. प्लास्टरचा किंवा फोमच्या पेटीतला साचा, नाहीतर स्कॅन घेऊन त्यावरून तुमचा पीस घडवला तर तो कस्टम. मशीनवर उभं करून रंगीत चित्र दाखवलं आणि शेल्फवरचा पीस काढून दिला तर तो तयारच झाला, पैसे मात्र कस्टमचे.

आता जागेचं. सुखतळा निघतो म्हणजे मावेलच असं नाही. टाचेकडून बोटाने उचला, सहज निघाला तर ठीक, गमने चिकटवलेला असेल तर ओढून फाडू नका. निघाला की व्हर्नियरने जाडी मोजा, तुमच्याकडे तो असणारच, पण न दाबता हलक्या हाताने. टाचेखाली आणि बोटांखाली दोन्हीकडे मोजा, कारण जुना सुखतळा टाचेखाली चपटा झालेला असतो. मग नवीन इनसोल त्याच दोन जागी मोजा. जो फरक येईल तेवढाच पाय बुटात वर उचलला जाणार. माझा अंदाज असा की टाचेला दोन-तीन मिलिमीटर बहुतेक बुटात चालतात, त्याच्या वर गेलं की मागची कड टाच धरत नाही आणि चालताना टाच वर निसटते. बोटांकडे तेवढीही मोकळीक नसते. तुमच्या बुटात तर स्टीलची टोपी आहे, चामडं ताणून जागा होते तशी ती ताणत नाही.

खानापूरकडचे एक कंडक्टर आले होते, दुसरीकडून करून आणलेला कस्टम इनसोल घेऊन. म्हणाले याने टाच बरी व्हायची राहिली बाजूला, करंगळी सोलून निघाली. बूट उघडून बघतो तर मूळ सुखतळा आत तसाच आणि त्याच्यावर इनसोल! मूळ सुखतळा टाचेला ५ मिमी, इनसोल ७ मिमी, म्हणजे पाय जेवढ्यास तेवढा ७ ने वर गेलेला, त्यामुळे करंगळी वरच्या चामड्याला घासत होती. सुखतळा काढला तर चढ राहिला फक्त २ मिमीचा आणि टाच नीट बसली. पण त्यांचा इनसोल पाऊण लांबीचा होता, बोटांच्या अलीकडे संपणारा, मग पुढे नुसता तळ आणि त्याची शिवण बोटांना लागायला लागली. तेव्हा मूळ सुखतळ्यावर इनसोल ठेवून त्याची पुढची कड जिथे येते तिथे पेनने रेघ मारली, मागचा भाग कापून टाकला, पुढच्या तुकड्याची कापलेली कड घासून निमुळती केली म्हणजे पायाला पायरी लागत नाही, आणि तो तुकडा पुढे चिकटवला. इनसोल तोच ठेवला, त्यात काहीच बदललं नाही.

पूर्ण लांबीचा घेतला तर मूळ सुखतळा साचा म्हणून वापरा, टाचा जुळवून पुढून थोडं थोडं कापा. घातल्यावर बूट सपाट जागेवर ठेवून आतल्या इनसोलच्या कडा दाबा, डुगडुगला तर खाली नीट बसला नाही आणि कमान चुकीच्या जागी दाबणार.

पण सेफ्टी शूजमध्ये काही कापायच्या आधी एवढं करा. आयएस १५२९८ या सेफ्टी शूजच्या भारतीय मानकाच्या बुटाची टेस्ट निघणारा सुखतळा आत ठेवून झालेली असेल तर तो काढून बूट घालायचा नसतो, बदलायचा तर त्या बूट कंपनीने दिलेला तसाच. कारण इनसोलने पाय वर गेला की स्टीलच्या टोपीखालची मोकळी जागा कमी होते, जड पार्ट पडला तर तीच जागा बोटं वाचवते. अंगावर साठलेली स्थिर वीज जमिनीत सोडणारा अँटिस्टॅटिक बूट असेल तर भलताच इनसोल तो गुणही घालवतो. म्हणून सेफ्टी ऑफिसरला विचारा, बऱ्याच कंपन्या स्वतःचे आधारवाले इनसोल त्याच बुटासाठी टेस्ट करून देतात. तसा मिळाला तर तोच घ्या, आणि नवीन जोडच मिळणार असेल तर दुपारनंतर, पाय सुजल्यावर, इनसोल आत घालून ट्राय करा.

पहिल्या दिवशी एक-दोन तासच वापरा, रोज तासभर वाढवा, लगेच पूर्ण शिफ्ट करू नका. कमानीला जरा जाणवणं ठीक, पण चोळपटून लाल डाग पडला आणि बूट काढून अर्ध्या तासानेही गेला नाही तर थांबून दाखवा. शुगर असेल आणि पायाला बधिरपणा असेल तर मात्र दुकानातला तयार घेऊन बघतो असं करू नका, टोचलेलं कळतच नाही आणि जखम होऊन बसते, थेट डॉक्टरकडे जा.