पीओ टॅलीत टाकणं सोपं आहे, खरा घोळ अमेंडमेंटचा

प्रश्न: आमचं छोटं युनिट आहे, आठ-दहा ठरलेले कस्टमर ईमेलवर पीडीएफ पीओ पाठवतात. ते हाताने टाइप न करता सरळ टॅलीत कसे घ्यायचे? कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?

आमचं गोव्यात कुंडईला कोरुगेटेड बॉक्सचं युनिट आहे, गिऱ्हाईक बहुतेक वेर्ण्याच्या औषध कंपन्या, म्हणजे सगळे पीओ मेलवर पीडीएफमध्येच येतात. हा विषय आमच्या घरात इतका तापलेला आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझा मेव्हणा युनिटमध्ये भागीदार आहे. त्याचं पहिल्यापासून एकच म्हणणं, मेल आला की पीओ टॅलीत गेला पाहिजे, मध्ये माणूस कशाला. माझं म्हणणं होतं की माणूस पाहिजेच, फक्त त्याने टायपिंग न करता तपासायचं काम करावं. त्याने एका सॉफ्टवेअरवाल्याला आणून मेलबॉक्स थेट टॅलीला जोडून घेतला आणि दोन-तीन महिने सगळं मस्त चाललं, तेव्हा सगळे मलाच हसायचे.

चवथीच्या आधी आमच्याकडे माल पुढचा बनवून ठेवतात, कारण नंतर कामगार गावाला जातात ते लवकर परत येत नाहीत. त्या वेळी एका गिऱ्हाइकाचा पीओ चालू होता, लाइन 10 वर 5 प्लायचे छापील शिपर 12,000 नग. त्यातले 5,000 पाठवून झाले होते, म्हणजे पेंडिंग 7,000. मग त्यांच्या पर्चेसने त्याच नंबरचा पीओ अमेंडमेंट 1 म्हणून परत पाठवला, लाइन 10 ची क्वांटिटी 12,000 ची 8,000 केली. खरं पेंडिंग किती? 8,000 वजा 5,000, म्हणजे 3,000. पण त्या सॉफ्टवेअरने नवीन पीडीएफ बघितला आणि नवीन सेल्स ऑर्डर टाकून मोकळं झालं. जुने 7,000 अधिक नवे 8,000, रिपोर्टला पेंडिंग 15,000. प्रॉडक्शन त्या रिपोर्टवर चालतं, सुपरवायझरने एका दमात 9,000 काढले. 6,000 नग जादा, 18.65 दराने एक लाख अकरा हजार नऊशे रुपयांचा माल, आणि प्रत्येक बॉक्सवर त्या कंपनीच्या औषधाचं नाव छापलेलं. साधा बॉक्स असता तर दुसऱ्या कुणाला तरी खपला असता, छापील शिपर कोण घेणार? रद्दीच्या भावाने किलोवर गेला.

मेव्हणा आजही म्हणतो की सॉफ्टवेअर खराब होतं. मला ते पटत नाही. सॉफ्टवेअरने पीडीएफ बरोबर वाचला होता, एक आकडा चुकला नव्हता. वाचणं हा अवघड भागच नाही. हा कागद नवा आहे की जुन्याच कागदाची दुरुस्ती आहे हे ठरवणं अवघड, आणि ते प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं असतं. आमच्याकडे एक कंपनी अमेंडमेंटमध्ये अख्खा पीओ परत पाठवते, दुसरी फक्त बदललेली लाइन पाठवते, आणि एक तर बदललेली क्वांटिटी म्हणून एकूण न लिहिता शिल्लक लिहायची. वरच्या उदाहरणात 8,000 ही शिल्लक असती तर पेंडिंग 3,000 च्या ऐवजी 8,000 धरावं लागलं असतं. पीडीएफ बघून हे कुणालाच कळणार नाही. त्यांच्या पर्चेसला एकदा फोन करून विचारायचं, उत्तर मेलवर मागून घ्यायचं आणि गिऱ्हाइकाच्या नावासमोर लिहून ठेवायचं.

आता तुमचं काम. आधी एक ठरवा, पीओ टॅलीत सेल्स ऑर्डर म्हणून घ्यायचा, बिल म्हणून नाही. आमचे अकाउंटंट, आम्ही त्यांना भाई म्हणतो, ते म्हणायचे की पीओ ही अकाउंटची एन्ट्रीच नव्हे, माल गेला की बिल करा, बास. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे, सेल्स ऑर्डरने लेजरला काही हलत नाही. पण कारखाना पेंडिंगवर चालतो आणि पेंडिंग सेल्स ऑर्डरशिवाय कळत नाही. फक्त बिल करताना त्या व्हाउचरमध्ये ऑर्डर नंबर निवडावा लागतो, तो नाही निवडला तर माल जातो आणि ऑर्डर तशीच उघडी दिसत राहते. आमच्याकडे बिलिंगच्या मुलीला हे समजावलं तेव्हापासून रिपोर्ट खरा बोलायला लागला.

सेल्स ऑर्डरच्या व्हाउचर टाइपमध्ये नंबरिंग मॅन्युअल करा आणि डुप्लिकेट नंबर रोखायचा ऑप्शन येस करा. मग व्हाउचर नंबर म्हणून गिऱ्हाइकाचाच पीओ नंबर टाका, पुढे गिऱ्हाइकाचं दोन-तीन अक्षरी शॉर्ट नाव, कारण दोन कंपन्यांचे नंबर एकसारखे येऊ शकतात. एवढं केलं की तोच पीओ दुसऱ्यांदा आला तर टॅली तो घेत नाही, आणि तिथेच माणसाने बघायचं की ही अमेंडमेंट आहे की पर्चेसवाल्याने तोच मेल परत फॉरवर्ड केलाय. अमेंडमेंट असेल तर जुनी ऑर्डर उघडून तिच्यातच क्वांटिटी बदलायची, नवीन ऑर्डर करायची नाही. आमचं एवढंच सेटिंग केलेलं असतं तर ते 8,000 आत गेलेच नसते. मी ते तेव्हाही बोललो होतो.

पीडीएफ वाचण्याआधी माउसने अक्षरं सिलेक्ट होतात का बघा. होत असतील तर त्यात खरा मजकूर आहे आणि फुकटच्या pdftotext ने काम होतं:

```
pdftotext -layout po.pdf po.txt
```

-layout दिलं की कॉलम जागच्या जागी राहतात. सिलेक्ट होत नसतील तर तो स्कॅन केलेला फोटो आहे, त्याला ओसीआर लागेल आणि ओसीआर 8 चा 3 करतं, त्यापेक्षा त्या गिऱ्हाइकाकडे सिस्टीममधून निघालेला पीडीएफ मागा, बहुतेक जण देतात. तुमचे आठ-दहाच गिऱ्हाईक ठरलेले आहेत, प्रत्येकाचा पीओ दरवेळी त्याच साच्यात येतो, म्हणून एकेका गिऱ्हाइकासाठी छोटं टेम्प्लेट बनवणं पुरतं, महागडं काही घ्यायची गरज नाही. माझ्या भाच्याने आमचे बनवून दिले, तो पणजीला नोकरी करतो, रविवारी येऊन बसायचा.

यातून जे निघतं ते टॅलीत टाकायच्या आधी एक्सेलच्या शीटवर उतरवायचं. आमचं सगळं भांडण या शीटवरूनच आहे, मी ती सोडणार नाही. एका ओळीत पीओची एक लाइन: पीओ नंबर, लाइन नंबर, त्यांचा मटेरियल कोड, क्वांटिटी, दर, दर किती नगाला, आणि त्या लाइनची पीओवर छापलेली रक्कम. पॅकेजिंगमध्ये दर हजाराला लिहायची पद्धत आहे. वरच्या पीओत लाइन 10 चा दर 18,650 होता, पर 1000. टॅलीत जायला पाहिजे 18.65. तुमच्या शीटमध्ये हा 'किती नगाला' कॉलम नसला तर 12,000 नगाची ऑर्डर बावीस कोटीवर जाते. तेवढं कुणाच्याही डोळ्यात भरतं, पण पर 100 वाल्या छोट्या लाइन नजरेतून सुटतात. म्हणून प्रत्येक ओळीला हा फॉर्म्युला, D क्वांटिटी, E दर, F किती नगाला, G छापलेली रक्कम:

```
=ROUND(D2*E2/F2,2)-G2
```

उत्तर शून्य आलं तरच ओळ पुढे. आमच्या लाइन 10 चं 12,000 गुणिले 18,650 भागिले 1,000, म्हणजे 2,23,800, पीओवरही तेच. लाइन 20 चे पार्टिशन 24,000 नग, 2,400 पर 1000, म्हणजे 57,600. दोन्हींची बेरीज 2,81,400 ही पीओच्या खालच्या टोटलशी जुळायला हवी, टॅक्स धरायच्या आधीची. जुळली की लाइन गळली नाही याची खात्री होते. दोन पानांच्या पीओत दुसऱ्या पानावरची लाइन हमखास गळते.

मटेरियल कोडचा कॉलम डेटा पेस्ट करायच्या आधीच टेक्स्ट फॉरमॅटला ठेवा, नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं आणि कोड जुळत नाही. टॅलीत तुमच्या स्टॉक आयटमला त्यांचा कोड एलियस म्हणून द्या, एका आयटमला अनेक एलियस चालतात. तारीखही बघून घ्या, 03.09 चा मार्चच्या नवव्या दिवसाचा अर्थ लागला की डिलिव्हरीची तारीखच बदलते.

शीट साफ झाली की टॅलीप्राइम 4.0 पासून एक्सेलवरून इम्पोर्ट होतं, त्याच्या आधीचं व्हर्जन असेल तर एक्सएमएल बनवावा लागेल. पहिल्या वेळी कंपनीच्या डेटाची कॉपी करून तिच्यावर ट्राय करा आणि इम्पोर्टच्या आधी बॅकअप घ्या.

आता मेव्हण्याचं ते 'मध्ये माणूस कशाला'. शीट तपासायला एका पीओला दोन-तीन मिनिटं जातात. जादा छापलेल्या 6,000 बॉक्सचे पैसे धरले तर तेवढ्यात कितीतरी वर्षं एक माणूस रोज सकाळी अर्धा तास बसवता आला असता. त्याला हे मी प्रत्येक मीटिंगला सांगतो, आता इथेही लिहून ठेवतो.

दिवसाला एक-दोनच पीओ येत असतील तर हे टेम्प्लेट वगैरे काही करू नका, हाताने टाइप करा, पण शीटचा फॉर्म्युला आणि डुप्लिकेटचं सेटिंग तरीही ठेवा.

बिल कुणाच्या नावाने हेसुद्धा पीओवरूनच घ्या, गिऱ्हाइकाच्या जुन्या लेजरवरून नाही. माल वेर्ण्याला उतरतो पण पीओवर मुंबईच्या ऑफिसचा जीएसटी नंबर असतो, सुरुवातीला 27, असं होतं. तेव्हा माल गोव्याबाहेर गेला नाही तरी आयजीएसटी लागतो, 30 ने सुरू होणारा नंबर असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी. म्हणून एका कंपनीचे दोन नंबर असले तर लेजर दोन ठेवा आणि शीटवर जीएसटी नंबरचा कॉलम घ्या. आणि पीओवर छापलेला टॅक्सचा रेट शीटवर उचलूच नका, तो टॅलीच्या आयटममधून येऊ दे. आमच्या बॉक्सचा रेट 15 जुलै 2024 ला 18 चा 12 झाला आणि 22 सप्टेंबर 2025 ला 12 चा 5, गिऱ्हाइकाच्या उघड्या पीओवर मात्र जुनाच आकडा होता. माल आणि बिल दोन्ही तारखेनंतरचे असतील तर नवाच रेट लागतो, पीओवर काही लिहिलेलं असो. तुमचा माल वेगळा असेल तर तुमच्या सीएला विचारून घ्या.