हंड्याच्या काठाखालची रेघ नागमोडी का होते

तांबट आळीतला हंडा गेम ॲसेट म्हणून निवडलास, बेकिंग, म्हणजे बारकाव्यांच्या हाय-पॉली मॉडेलचे तपशील साध्या लो-पॉली मॉडेलवर किरण सोडून उतरवणं, शिकायला वस्तू चांगली आहे. काठाखालची खोदीव रेघ बेकनंतर लाटांसारखी दिसते, कारण तुझ्या लो-पॉलीला बाराच बाजू आहेत. 20 सेंमी त्रिज्येच्या हंड्यात शिरोबिंदू गोलाईला टेकतात, पण दोन शिरोबिंदूंच्या मध्ये हाय-पॉली सुमारे 7 मिमी बाहेर राहतो. बेकचे किरण नॉर्मलच्या, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते दाखवणाऱ्या रेषांच्या, दिशेने जातात, आणि काठाजवळ हे नॉर्मल सरासरी होऊन तिरके झालेले असतात. तिरका किरण जितकं अंतर जास्त कापतो तितका सरकतो, म्हणून रेघ प्रत्येक बाजूच्या मध्यावर ढळते आणि कोपऱ्यावर जागेवर येते.

केज, म्हणजे किरण जिथून सुटतात ते लो-पॉलीभोवतीचं कवच, फुगवून हे जाणार नाही. त्याने किरणांचा पल्ला वाढतो, दिशा तीच राहते. बाजू चोवीस कर, फट 2 मिमीच्या आत येईल. मग काठाला लागून कडांचं एक जादा वेटोळं, म्हणजे सपोर्ट लूप दे, म्हणजे तिरकेपणा त्या पट्ट्यातच अडकेल. चार पॉलीगॉन वाढले म्हणून कोणी रागावत नाही.

कानाजवळचे रिव्हेट एका बाजूला कललेले दिसतात, त्यामागेही तिरके किरणच आहेत. मार्मोसेट टूलबॅग या बेकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढ्याच जागी Paint Skew चा ब्रश फिरव, किरण पृष्ठभागाला काटकोनात जातील. ब्रश कडेपर्यंत मात्र नेऊ नकोस, तिथे सगळे किरण सरळ झाले की कोपऱ्यावरची गोलाई निसटते आणि शिवण दिसू लागते.