विनाइल फरशीवरचे काळे पट्टे आणि पिवळे डाग: काढायचे कसे, आणि कुठे थांबायचं

प्रश्न: नागपूरला फ्लॅटच्या हॉलमध्ये लाकडी डिझाइनचं विनाइल फ्लोअरिंग आहे. चपलांचे काळे पट्टे पडलेत, दारातल्या पायपुसण्याखाली पिवळं झालंय आणि कूलरच्या स्टँडजवळही पिवळे-तपकिरी डाग आहेत. चमक न घालवता हे कसं निघेल?

उत्तर:

काळे पट्टे निघतील, कूलरजवळचे डाग बहुतेक निघतील, पायपुसण्याखालचा पिवळेपणा मात्र निघणार नाही. तिन्ही डागांची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकच औषध सगळीकडे घासू नका. चमक सहसा डागामुळे जात नाही, डाग काढताना जाते.

विनाइलमध्ये छापील डिझाइनवर पारदर्शक पीव्हीसीचा थर असतो आणि आजच्या बऱ्याच फरश्यांवर त्याच्याही वर पॉलियुरेथेनचं पातळ कोटिंग असतं. चमक या वरच्या पृष्ठभागाची. तारेची घासणी, भांड्यांची हिरवी घासणी, घासायची पावडर यांनी त्यावर बारीक चरे पडतात आणि ते परत बुजत नाहीत. पांढरा 'मॅजिक' स्पंज हाताला मऊ लागतो, पण तोही अतिशय बारीक पॉलिश पेपरासारखंच काम करतो. चकचकीत फरशीवर तो फिरवला की तेवढाच भाग निस्तेज दिसतो.

आधी काळे पट्टे. नखाने हळूच तपासा. पट्टा किंचित वर आलेला लागला तर तो तळव्याचं रबर आहे, घासताना गरम होऊन फरशीवर चिकटलेलं. नख खाचेत अडकलं तर तो ओरखडा आहे, आणि पुसून ओरखडा भरत नाही. रबर असेल तर फरशी झाडून घ्या, नाहीतर खालची वाळू तुमच्याच हाताने घासली जाईल. मग शाळेतलं पांढरं खोडरबर कोरडंच, कमी दाबाने, पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने फिरवा. काळ्या गुंडाळ्या सुटतात, त्या उचलून टाका. बरेचसे पट्टे इथेच संपतात.

उरलेल्यांसाठी मेडिकलमधून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. जेल सॅनिटायझर नको, त्यातली चिकट द्रव्यं फरशीवर थर धरतात. पहिला प्रयोग सोफ्याखालच्या कोपऱ्यात करा आणि रंग किंवा चमक बदलत नाही ना, ते बघा. मग पांढऱ्या सुती फडक्याच्या कोपऱ्यावर थोडं अल्कोहोल घेऊन काठाकडून मध्याकडे पुसा. फडकं काळं झालं की स्वच्छ बाजू धरा, नाहीतर तोच काळेपणा पसरतो. शेवटी ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसावी. थिनर आणि ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. ते पीव्हीसीलाच मऊ करतं आणि जागा कायमची पांढुरकी किंवा खडबडीत होते.

आता कूलर. नागपूरच्या उन्हाळ्यात तो दिवसभर चालतो, लोखंडी स्टँडच्या पायाशी पाणी झिरपतं आणि गंज फरशीवर उतरतो. पायाच्या आकाराची गोल कडा आणि नारिंगीकडे झुकणारा रंग दिसला तर गंजच समजा. ब्लीच वापरू नका, त्याने गंज पक्का होतो. किराणा दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, सपाट एक लहान चमचा अर्धा कप कोमट पाण्यात विरघळवा. टिश्यू भिजवून, पिळून फक्त डागावर ठेवा आणि १० मिनिटांनी उचला. टिश्यूवर पिवळं उतरलं तर औषध बरोबर लागू पडतंय. साध्या पाण्याने दोनदा पुसून, लागलं तर आणखी दोन वेळा करा. तरी बदल नसेल तर थांबा. दोन गोष्टी सांभाळा: हे पाणी शेजारच्या संगमरवरी उंबरठ्यावर गेलं तर दगडाची पॉलिश खातं, आणि ते ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी वायू निघतो. खसच्या पाण्याचे तपकिरी थेंब असतील तर ते आधी सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून बघा, ताजे असतील तर बहुधा तेवढ्यात निघतात.

पायपुसण्याखालचा पिवळेपणा वेगळाच आहे, आणि याच जागेवर लोक फरशी खराब करतात. पायपुसण्याच्या पाठीला रबर असतं. रबर लवकर तडकू नये म्हणून त्यात जी रसायनं घालतात ती हळूहळू विनाइलमध्ये उतरतात आणि ऊन-उष्णतेने पिवळी पडतात. म्हणून हा पिवळेपणा विनाइलच्या वर नसून आत असतो. ओळखायला दोन खुणा पुरेत: पिवळ्याची कड पायपुसण्याच्या कडेशी तंतोतंत जुळते, आणि अल्कोहोलने घासूनही पांढऱ्या फडक्यावर पिवळं येत नाही. दोन्ही खुणा मिळाल्या तर घासू नका. पिवळा रंग तसाच राहील आणि वरून चौकोन निस्तेज होईल. फळ्यांचं विनाइल असेल आणि उरलेल्या फळ्या घरात असतील तर तेवढ्याच फळ्या बदलता येतात. रोलची शीट असेल तर तुकडा जोडण्यापेक्षा सतरंजी टाकणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण जोड दिसतो आणि त्यातून पाणी खाली जातं.

या सगळ्यानंतरही हॉल मळकट वाटत असेल तर चमक खरंच गेली आहे का, हे आधी तपासा. साधारण एक फुटाचा चौकोन कोमट पाण्याने आणि पांढऱ्या फडक्याने तीन-चार वेळा पुसा, वाळू द्या. आजूबाजूपेक्षा उजळ दिसला आणि फडक्यावर फेस किंवा मळ आला, तर चमक गेलेली नाही, फिनाईल आणि पावडरचा थर साचला आहे. बोअरचं जड पाणी त्यात पांढरी झाक घालतं. चौकोन बाकीच्यासारखाच दिसला तर चरे पडले आहेत.

थर असेल तर ५ लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच लहान चमचा घाला. फेस जास्त झाला तर तोच पुन्हा थर होऊन बसतो. पोछा घट्ट पिळून एका खोलीचा भाग पुसा आणि लगेच दुसऱ्या बादलीतल्या साध्या पाण्याने तोच भाग पुसा. ही दुसरी बादली टाळली की पहिल्या कष्टाचा उपयोग नाही. पाणी ओतून धुऊ नका, जोडातून खाली गेलेलं पाणी गोंद सोडवतं आणि कडा उचलल्या जातात. काळं फिनाईल बंदच करा, त्यातल्या डांबरी घटकांनी विनाइलवर पिवळसर-तपकिरी डाग पडू शकतात.

कूलरच्या पायांना बरेचजण रबरी टोप्या घालतात. तसं करू नका, पायपुसण्यासारखेच पिवळे गोल उमटतील. प्लास्टिकच्या टोप्या घाला, त्याखाली उथळ प्लास्टिकचा ट्रे ठेवा आणि दारात मागे रबर नसलेलं, विणलेलं सुती पायपुसणं टाका.