शिअर फ्लो : वाहतं काय?

प्रश्न : “लोखंडी गर्डर आणि काँक्रीट स्लॅब जोडणाऱ्या स्टडांच्या हिशेबात ‘हॉरिझॉन्टल शिअर फ्लो’ येतो. मराठीत ‘आडवा कर्तन प्रवाह’ म्हणायचं का? पण तिथे वाहतं काय? आणि स्टड टोकांना दाट, मधे विरळ का लावतात?”

वाहत काहीच नाही. म्हणूनच मला ‘प्रवाह’पेक्षा ‘ओघ’ बरा वाटतो. पाहुण्यांचा ओघ, गिऱ्हाइकांचा ओघ असं आपण म्हणतो तेव्हा पाणी डोळ्यांपुढे येत नाही, ‘किती आणि कुठे’ एवढंच येतं. इथेही तेवढंच हवंय : गर्डर आणि स्लॅब यांच्या सांध्यावर, लांबीच्या दर मिलिमीटरला, किती न्यूटन बल एकाकडून दुसऱ्याकडे जातं. मूळ शब्दात ‘फ्लो’ आला तो पातळ पत्र्याच्या पोकळ छेदांवरून. तिथे फाटा फुटला की जेवढा ओघ आत येतो तेवढाच फाट्यांतून बाहेर जातो, अगदी नळांच्या जोडासारखा. आपल्या सांध्याला ते रूपक थोडं सैलच बसतं.

‘कर्तन’ मात्र ठेवावा. कात्री हा ‘कर्तरी’चाच वंशज, आणि इंग्रजी शब्दाच्या पोटातही कात्रीच आहे. (व्याकरणातल्या कर्तरी प्रयोगाचा याच्याशी संबंध नाही, तो ‘कर्ता’वरून आला.) हिंदी पुस्तकांतला ‘अपरूपण’ आमच्याकडे कोणी उच्चारत नाही. बडोद्यात साइटवर अर्धी मंडळी गुजराती, अर्धी आम्ही दांडिया बाजारातले मराठी. पण ‘सरकतं’ म्हटलं की दोघांनाही समजतं, कारण गुजरातीतही सरकणं सरकणंच आहे. फरक एवढाच की सरकू पाहतो तो स्लॅब आणि कातरला जातो तो स्टड. एकाच घटनेची ही दोन टोकं आहेत.

आता टोकाला दाट का, ते. शंभर पानी वही घ्या, पानांच्या लांब कडेवर पेन्सिलीने उभ्या रेघा मारा आणि वही वाकवा. मधल्या रेघा जवळपास सरळ राहतील, टोकाकडच्या तिरक्या होतील. पानं एकमेकांवरून टोकाला जास्त सरकली आणि मध्यावर सरकलीच नाहीत. स्टडांचं काम हे सरकणं अडवणं, तर जिथे सरकायची ओढ जास्त तिथे ते जास्त हवेत.

सूत्र छोटं आहे : q = VQ/I. V म्हणजे त्या ठिकाणचं उभं कर्तनबल. Q म्हणजे स्लॅबचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या मध्याचं उदासीन अक्षापासूनचं अंतर. I म्हणजे एकत्र छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया. एका साध्या हॉलच्या गर्डरचं उदाहरण घेऊ : 8 मीटर गाळा, आयएसएमबी 400, वर 120 मिमी स्लॅब, त्याची प्रभावी रुंदी 2000 मिमी. काँक्रीटचं लोखंडात रूपांतर करायला 10 ने भागू, म्हणजे स्लॅब 200 मिमी रुंदीचं ‘लोखंड’ झाला. उदासीन अक्ष गर्डरच्या तळापासून 396 मिमीवर येतो, म्हणजे वरच्या पट्टीच्या अगदी कडेला, आणि सगळा स्लॅब दाबात राहतो. Q येतो सुमारे 15.4 लाख घन मिमी. हाच Q खालच्या गर्डरकडून मोजून पाहा. तेवढाच आला नाही तर अक्ष चुकलाय, पुढे जाऊ नका. I निघतो सुमारे 63.3 कोटी मिमी⁴.

V घेताना एक गोष्ट हमखास निसटते. गर्डरखाली टेकू न लावता स्लॅब ओतला असेल, तर ओल्या काँक्रीटचं वजन एकट्या गर्डरने उचललेलं असतं. तेव्हा सांधाच नव्हता, त्यामुळे त्या वजनाचा ओघ स्टडांकडे येत नाही. काँक्रीट घट्ट झाल्यावर आलेला भार तेवढा धरायचा. तो 30 किलोन्यूटन प्रति मीटर आहे असं मानू. मग आधारापाशी V = 120 किलोन्यूटन, आणि ओघ निघतो मिलिमीटरला सुमारे 291 न्यूटन.

एका स्टडवर 50 किलोन्यूटन टाकायचे ठरवले आणि एकाच रांगेत लावले, तर दोघांतलं अंतर 50000 ÷ 291 = 172, म्हणजे 170 मिमी ठेवावं. आधारापासून 1 मीटरवर V उतरून 90 होतो, तिथून 220 मिमी चालतं. 2 मीटरवर 340. 3 मीटरवर हिशेब 686 मिमी सांगतो, पण तो ऐकायचा नाही. स्लॅबच्या जाडीच्या चौपटीपलीकडे जायचं नाही, इथे 480. कारण स्टडाचं डोकं आणखी एक काम करतं : स्लॅबला गर्डरपासून वर उचलू न देणं. ते काम मध्यावर V शून्य झाला तरी शिल्लक राहतं.

अर्ध्या गाळ्यात एकूण ओढ भरते 582 किलोन्यूटन, म्हणजे 12 स्टड. एकदा माझ्या हातात आलेल्या ड्रॉइंगवर नुसतं ‘अर्ध्या गाळ्यात 12 नग’ असं होतं. फिटरने सरळ मनाने सारखे वाटले, 333 मिमीवर. त्याची चूक म्हणता येणार नाही, कागदावर ‘अंतर’ हा शब्दच नव्हता. पण ओघाच्या हिशेबाने आधाराजवळच्या स्टडावर 291 × 333, म्हणजे जवळपास 97 किलोन्यूटन येतात. ठरवलेल्या 50च्या दुपटीजवळ.

मग सारखे वाटलेले स्टड कधीच चालत नाहीत का? चालतात, आणि इथे ‘ओघ’ शब्दाची हद्द संपते. डोक्याचा स्टड लवचीक असतो. बुडाशी काँक्रीट थोडं चुरतं, स्टड थोडा वाकतो, आणि जादा ओढ शेजाऱ्यावर ढकलतो. इमारतीत शेवटची ताकद मोजताना म्हणून सारखं अंतर मान्य होतं. पण तेव्हा नग VQ/I वरून काढायचे नसतात. गर्डर पूर्ण नमला (यील्ड झाला) असं धरून किंवा स्लॅब दाबात चिरडला असं धरून येणाऱ्या बलांतलं लहान घ्यायचं. आपल्या गर्डरला 250चं पोलाद आणि स्लॅबला एम-25 धरलं आणि पोलादाची ताकद सुरक्षेसाठी 1.1 ने भागली तर ते बल सुमारे 1783 किलोन्यूटन येतं. त्याच 50च्या भावाने अर्ध्या गाळ्यात 36 स्टड. 12 आणि 36 यांत कुणी खोटं नाही, प्रश्न वेगळे आहेत : एक रोजच्या भाराचा, दुसरा गर्डरची सगळी ताकद वसूल करण्याचा. पुलावर मात्र गाड्यांच्या येण्याजाण्याने थकवा साठतो, शेजाऱ्यावर ढकलून निभत नाही. तिथे ओघाप्रमाणेच दाट-विरळ करावं लागतं.

तर कागदावर ‘आडवा कर्तन-ओघ’ लिहा, आणि कंसात एकक द्या : न्यूटन प्रति मिमी. स्टडांसाठी ‘नग’ लिहायचे झाले तर सोबत ‘आधारापासून 1 मीटरपर्यंत 170 मिमी अंतराने’ असं पूर्ण वाक्यही लिहा.